तासाला ६४० की १,६००? फ्रीलान्सचा दर बसवताना

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वेब एजन्सीच्या मालकांचा फोन आला. ऐरोलीतली नोकरी मी ३१ मार्चला सोडली होती आणि ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. काम माझ्या सवयीचं होतं, त्यांच्या ग्राहकांच्या वेबसाइट्सचा फ्रंट-एंड.

"मॅडम, सीटीसी काय होता तुमचा?"

"साडेतेरा लाख."

"म्हणजे बघा, बाराने भागलं, महिन्याचे बावीस दिवस, दिवसाचे आठ तास. सहाशे चाळीस रुपये तास. तुमचंही नुकसान नाही, माझंही नाही."

आकडेमोड बरोबर होती. साडेतेरा लाखांना २,११२ तासांनी भागलं की ६३९ रुपये येतात. पण नोकरीत असताना मी वर्षाला २,११२ तास काम करत नव्हते. गणपतीची सुट्टी, आजारपण, दोन प्रोजेक्टांच्या मधला रिकामा महिना, सर्व्हर बंद म्हणून गेलेली दुपार, या सगळ्याचे पैसे कंपनी देत होती. या हिशेबात ते कुठेच नव्हते. मी त्यांना म्हटलं, "सर, एप्रिलअखेर कळवते. तोवर एखादं छोटं काम ठोक रकमेत द्या." त्यांनी एका लँडिंग पेजचं काम १८,००० रुपयांना दिलं. तासाचा दर ठरायच्या आधी असं एखादं छोटं काम ठोक घेणं सोयीचं पडतं. समोरच्याला आपलं काम दिसतं, आणि आपल्याला आपला वेळ कुठे जातो ते मोजता येतं.

हे लिहितेय ते मुख्यतः नोकरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी. आकडे माझ्या घराचे आहेत, तुमचे वेगळे असतील. मांडणी मात्र वापरता येईल.

आधी वर्षाची रक्कम

वर्तकनगरच्या आमच्या घरात नवरा, मी, शाळेत जाणारी मुलगी आणि आई. नवऱ्याची शाळेतली नोकरी आहे, पण त्यात कुटुंबाचा आरोग्यविमा नाही. फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जायचा. शेवटच्या वर्षी माझ्या खात्यात महिन्याला साधारण ९२,५०० रुपये येत होते. राहणीमान आहे तसंच ठेवायचं हे पहिलं गृहीतक. म्हणजे वर्षाला ११,१०,००० घरी आले पाहिजेत.

यानंतर माझी जुनी पगारपावती समोर घेतली आणि जे पैसे खात्यात कधी दिसलेच नव्हते ते शोधले. बेसिक ४५,००० होतं. त्यावर १२ टक्के पीएफ माझा आणि तेवढाच कंपनीचा, म्हणजे वर्षाला जवळपास १,३०,०००. ग्रॅच्युइटीसाठी कंपनी बेसिकच्या ४.८१ टक्के धरत होती, ते २६,०००. आता हे दोन्ही मला माझ्या कमाईतून बाजूला काढायचं होतं. पीएफचे पैसे पीपीएफमध्ये टाकायचं ठरवलं. तिथली मर्यादा वर्षाला दीड लाख आहे, त्यात हे बसतं.

विम्याने मात्र बरीच डोकेदुखी दिली. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईसुद्धा होती, तिच्या मधुमेहासकट, आणि तेही पहिल्या दिवसापासून. नोकरी संपली त्या दिवशी ते कवच गेलं. नवीन वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना वेगळी प्रतीक्षा असते, ती तीन वर्षांपर्यंत असू शकते. त्यामुळे मार्चमध्येच, नोकरीत असतानाच, मी त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज केला होता. असं केलं की जुन्या कवचाचा काळ प्रतीक्षेत मोजून मिळण्याची शक्यता असते. राजीनाम्याची तारीख ठरली की हे काम सगळ्यात आधी करा, कारण नोकरी सुटल्यावर एचआरकडून जुन्या पॉलिसीचा एक कागद मिळवायलाही फोनांवर फोन करावे लागतात. आम्हा तिघांचा फ्लोटर २६,०००, आईची स्वतंत्र पॉलिसी ४४,०००, आणि माझा टर्म व अपघात विमा १२,०००. एकूण ८२,०००.

घराचा, म्हातारपणाचा आणि दवाखान्याचा खर्च मिळून १३,४८,००० झाले. हे सगळं कर भरून उरलेल्या पैशांतून यायला हवं.

धंद्याचा खर्च वेगळा मांडला. लॅपटॉप ९६,००० चा, चार वर्षं चालेल असं धरून वर्षाचे २४,०००. इन्व्हर्टर आणि बॅटरीचे अशाच हिशेबाने ६,०००. घरचं ब्रॉडबँड आणि ते बंद पडलं तर दुसऱ्या कंपनीचं मोबाइल डेटा कार्ड मिळून १४,०००. सॉफ्टवेअर, होस्टिंग, टेस्टिंगची सेवा २६,०००. खुर्ची-मॉनिटरची झीज १०,०००. सीए १५,०००. आणि व्यवसाय कर २,५००. नोकरीत हा महिन्याला दोनशे कापला जायचा, म्हणून लक्षात यायचा नाही. स्वतंत्र व्यावसायिकाला mahagst.gov.in वर स्वतःची पीटीईसी नोंदणी करून वर्षाला २,५०० भरावे लागतात, मुदत ३० जून. धंद्याचा एकूण खर्च ९७,५००.

खर्चाच्या बाजूला मी नेहमीच्या किमतीपेक्षा कमी काहीही धरलं नाही. मैत्रिणीच्या भावाकडून जुना लॅपटॉप मिळत होता, तरी हिशेबात नव्याचीच किंमत ठेवली. दर एकदा सांगितला की तो वर्ष-दोन वर्षं टिकतो, भावाचा लॅपटॉप टिकेलच असं नाही.

सीए मॅडमकडे

एप्रिलच्या मध्यावर गोखले रोडवरच्या सीए मॅडमकडे गेले. माझी समजूत अशी, की कराने ३० टक्के तरी जातील. त्यांनी कागदावर दोन गणितं करून दाखवली आणि दोन्हींत पुष्कळ अंतर निघालं.

पहिलं गणित कलम ४४एडीएचं. ठरावीक व्यवसायांतल्या लोकांना, जमा ५० लाखांच्या आत असेल तर, तिच्यातला निम्मा भाग नफा समजून त्यावर कर भरता येतो. खर्चाच्या पावत्या, वह्या ठेवायची गरज नाही. (रोखीतली जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाख.) माझी जमा १५ लाखांच्या आसपास धरली तर उत्पन्न साडेसात लाख. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट असल्याने कर शून्य.

मी म्हटलं, "मग दरात कर धरायचाच नाही?"

"धरायचा," त्या म्हणाल्या. "कायद्यात निम्मा 'किंवा तुम्ही मिळवल्याचं सांगाल ती त्याहून जास्त रक्कम' असं आहे. तुमचा खर्च एक लाखसुद्धा नाही. निम्मं दाखवायची मुभा आहे, पण तुमचा सगळा धंदा त्या मुभेवर उभा करू नका. आणि दोन वर्षांनी टू बीएचके घ्यायचाय म्हणालात ना? बँक तुमचं रिटर्नमधलं उत्पन्न बघणार. साडेसात लाख दाखवलेत तर कर्जही साडेसात लाखांच्या मानाने मिळेल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कर वाचवायला कमी दाखवलेलं उत्पन्न कर्ज काढताना आड येतं.

म्हणून दुसरं गणित धरलं, खरं उत्पन्न दाखवून कर भरायचा. इथे एक चकवा आहे. हातात १३,४८,००० उरायला हवेत तर त्यावरचा कर काढून नुसता मिळवून चालत नाही, कारण कर भरण्यासाठी जे जास्त कमवायचं त्यावरही कर लागतो. सेससकट माझं उत्तर असं आलं: उत्पन्न साधारण १४,४९,०००, त्यावर कर १,०१,०००, उरले १३,४८,०००. यात धंद्याचा खर्च ९७,५०० मिळवला की वर्षाची लागणारी जमा १५,४६,८००. ४४एडीए वापरून कर वाचला तर तो माझा राखीव निधी.

एक सूचना. संगणक-सल्ल्याचं काम ४४एडीएच्या यादीत बसतं असं सीए मॅडमनी मला सांगितलं. पण यादी बंदिस्त आहे. अनुवादक, ग्राफिक डिझायनर, कंटेंट लिहिणारे यांनी आपला व्यवसाय त्यात बसतो का हे आपल्या सीएला आधी विचारावं. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. इथले क्रमांक जुन्या कायद्यातले. कलमाचा आकडा पाठ करण्यात अर्थ नाही.

खरी गोम तासांत

सीटीसी साडेतेरा लाख होता, आता लागणारी रक्कम साडेपंधरा. म्हणजे सगळे फायदे, विमा, अवजारं, कर धरूनही वरचा आकडा १५ टक्केच वाढला. नुसत्या त्यावर गेलो असतो तर ६४० चे ७३५ झाले असते आणि एजन्सीने बहुधा लगेच मान्य केले असते. फरक पडला तो ज्याने भागायचं त्या आकड्यात.

लँडिंग पेजचं काम करताना मी दिवसाचा सगळा वेळ टाइमरवर नोंदवत होते, फक्त कामाचा नाही. त्यातला एक मंगळवार जसाच्या तसा:

साडेनऊ ते दहा-दहा मेल आणि एका कोटेशनमधली दुरुस्ती. मग बारा-चाळीसपर्यंत कोड. त्यानंतर सव्वा वाजेपर्यंत महापेच्या एका कंपनीशी कॉल, ज्यांचा पुन्हा फोन आला नाही. जेवण. सव्वादोन ते साडेचार कोड. साडेचारला एका अपडेटनंतर लोकल सर्व्हर सुरू होईना, त्यात पस्तीस मिनिटं. मग सहाला दहा कमी असेपर्यंत बिल बनवणं, पॅन आणि रद्द केलेल्या चेकचा फोटो अकाउंट्सला पाठवणं, त्यांनी 'फॉर्म आमच्या नमुन्यात हवा' म्हटल्यावर पुन्हा पाठवणं.

टेबलाशी बसले सव्वासात तासांच्या वर. ज्याचं बिल लावता येईल असे पावणेपाच. आणि तो दिवस बरा म्हणावा असा होता.

माझी एक जुनी सहकारी घणसोलीला राहते आणि बरीच वर्षं फ्रीलान्स करते. तिने तिच्या नोंदी दाखवल्या. तिचाही दिवस साडेचार-पाच तासांवर अडलेला. ती म्हणाली, "सहा तास धरशील तर संध्याकाळी मेल लिहीत बसशील, आणि तो वेळ फुकट जाईल." मी पाच धरले.

आता दिवस. शनिवार-रविवार काढले की २६० उरतात. सार्वजनिक सुट्ट्या १२, स्वतःची रजा १८, आजारपण आणि मुलीच्या शाळेचे वगैरे ८. राहिले २२२. पाचाने गुणले तर १,११० तास.

यातून रिकामा काळ वजा करायचा राहिला होता. एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतचे आठवडे. रात्री कासारवडवलीला सोडणारा रिक्षावाला रिकाम्या परतीचे पैसेही आधीच सांगतो, तसं हे आधीच धरावं लागतं. काम संपल्यावर ते कुणाकडे मागता येत नाही. मी वर्षाला सहा आठवडे धरले, म्हणजे १५० तास. उरले ९६०.

१५,४६,८०० भागिले ९६०, म्हणजे १,६११.

आकडा पहिल्यांदा बघितल्यावर मलाच तो मोठ्याने बोलायला जड गेला. रात्री नवऱ्याला दाखवला. तो गणिताचा शिक्षक, त्याने उत्तर सोडून गृहीतकं तपासायला घेतली. "रजा अठरा कशाला? बारा कर." केली. दर चाळीस-पन्नास रुपयांनीच खाली आला. विम्याचा आकडा दहा हजारांनी कमी केला, तर बारा रुपये. पण दिवसाचे तास पाचाचे सहा केल्याबरोबर तो सव्वातेराशेच्या आसपास आला. कुठल्या आकड्यात चूक झाली तर महागात पडेल ते त्यातून स्पष्ट झालं. लॅपटॉप किती वर्षं चालेल यावर डोकं खपवण्यापेक्षा बिलाचे तास प्रामाणिकपणे मोजावेत. रजा शेवटी अठराच ठेवल्या.

एजन्सीशी बोलणं

२८ एप्रिलला वागळे इस्टेटला गेले. १,६०० सांगितले. सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मॅडम, एवढ्यात माझ्याकडे दोन मुलं येतात."

मी वाद घातला नाही, कागद पुढे केला. खर्चाचे तपशील त्यात नव्हते. माझ्या घराचा हप्ता किंवा आईचा विमा हा त्यांचा प्रश्न नाही, आणि ते दाखवलं की प्रत्येक ओळीवर घासाघीस होते. फक्त तासांचा भाग होता: वर्षाचे १,११० तास मी देऊ शकते, त्यातले १५० रिकामे जातील असं धरलंय.

"हे दीडशे तुम्ही भरून काढलेत तर तुमच्यापुरता दर खाली येतो," मी म्हटलं. पूर्ण १,११० ने भागलं तर १,३९३ येतात. म्हणजे १,४००. पण त्यासाठी महिन्याला ठरलेले तास हवेत, काम असो वा नसो.

ही गोष्ट त्यांना पटली, कारण बदल्यात त्यांनाही काही मिळत होतं. महिन्याला ५० तास त्यांच्यासाठी राखीव. बोलणी मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालली. शेवटी ठरलं ते असं: ५० तासांचे ७०,००० दर महिन्याला, न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जाणार नाहीत, पन्नासच्या वरच्या तासांना १,६००, बिल १ तारखेला, पैसे १५ दिवसांत, आणि बंद करायचं तर दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस. त्यांना न वापरलेले तास तीन महिने साठवून हवे होते. ते मी मान्य केलं नाही. साठलेले तास एकदम एका महिन्यात मागितले तर त्या महिन्यात मी दुसऱ्या कुणाचं काम घेऊ शकत नाही, म्हणजे रिकाम्या काळाचा धोका पुन्हा माझ्याच गळ्यात.

त्यांच्याकडे सगळे तास द्यायचे का, असाही विचार येऊन गेला. नाही दिले. एकच ग्राहक असेल आणि त्याने नोटीस दिली तर सगळी कमाई एकदम थांबते.

हातात येताना

७०,००० चं पहिलं बिल गेलं आणि ६३,००० जमा झाले. टीडीएस १० टक्के, कलम १९४जे. वर्षाला एका ग्राहकाकडून ५०,००० पेक्षा जास्त होणार असतील तर तो कापला जातो. तांत्रिक सेवा म्हणून काही ठिकाणी २ टक्केच कापतात. त्यांच्या अकाउंट्सने व्यावसायिक फी धरून १० कापले. कामाचं स्वरूप बघून हे ठरतं, त्यामुळे करार करतानाच विचारून घ्या.

टीडीएस हा खर्च नाही, आपल्याच नावावर जमा होणारा कर आहे, म्हणून दरात मी तो वेगळा मिळवला नाही. पण तो परत मिळायला रिटर्न भरेपर्यंत थांबावं लागतं. फक्त या एका करारात वर्षाचे ८४,००० अडकणार. दर बरोबर असूनही पहिल्या वर्षी हाताला तंगी का जाणवते, त्याचं मोठं कारण हे. मी नोकरी सोडताना तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवला होता. त्यातला बराचसा टीडीएस आणि उशिरा येणारी बिलं यांनीच खाल्ला.

एप्रिल ते जूनच्या टीडीएसचं विवरण कापणाऱ्याने ३१ जुलैपर्यंत भरायचं असतं. आपल्या पॅनवर किती कर जमा झाला ते फॉर्म २६एएसमध्ये दिसतं. ऑगस्टमध्ये तो उघडून बघितला तर माझ्या नावावर काहीच नव्हतं. एजन्सीच्या अकाउंटंटने पॅनमधलं एक अक्षर चुकवलं होतं. दुरुस्ती विवरण भरून ते सप्टेंबरअखेर दिसायला लागलं. तिमाही संपल्यावर महिना-दीड महिन्याने २६एएस बघायची सवय लावून घ्या. वर्षअखेरीला शोधायला बसलात तर तोवर समोरचा अकाउंटंट बदललेला असतो.

क्लिनिकची वेबसाइट

तासाचा दर ठोक कामात कसा बसतो ते जुलैमध्ये कळलं. वाशीच्या एका डॉक्टरांना क्लिनिकची वेबसाइट हवी होती, अपॉइंटमेंट घेण्याच्या सोयीसकट. मी पानं आणि सोयी एकेक लिहून प्रत्येकाचे तास मांडले, ५८ झाले. ठोक कामात पुढचं सगळं आपल्या अंगावर असतं, म्हणून पाव भाग वाढवून ७२ केले. १,६०० ने १,१५,२००.

"एकाने मला पस्तीस हजार सांगितलेत," डॉक्टर म्हणाले.

दर कमी करण्याऐवजी मी यादी कमी केली. अपॉइंटमेंटची सोय स्वतः बनवण्याऐवजी फोन आणि व्हॉट्सॲपचं बटण, डिझाइन तयार थीमवरचं, पानं पाचच. गृहीत धरलेल्या वाढीसकट ३० तास, ४८,०००. डॉक्टरांना हेच पुरेसं होतं. खरं तर अपॉइंटमेंटचं सगळं त्यांची रिसेप्शनिस्ट वहीतच ठेवत होती आणि ती वही सोडायला तयार नव्हती. दर तिथेच पाडला असता तर पुढच्या प्रत्येक कामाला त्यांनी तोच भाव धरला असता.

निम्मे आगाऊ घेतले. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात, पुढे तासावर. मजकूर आणि फोटो आल्यानंतर तीन आठवड्यांत काम पूर्ण, असं लिहिलं. फोटो गणपती झाल्यावर आले, २७ ऑगस्टला चतुर्थी होती आणि क्लिनिकमध्ये कुणाला फुरसत नव्हती. मुदत 'फोटो आल्यानंतर' अशी असल्याने माझ्यावर काही आलं नाही. शेवटी ३४ तास लागले, म्हणजे तासाला साधारण १,४०० पडले. पुढच्या ठोक कामाला मी पाव भागाऐवजी तिसरा हिस्सा वाढवून धरला. रक्कम पन्नास हजारांच्या आत असल्यामुळे टीडीएस कापला गेला नाही.

याच डॉक्टरांच्या निमित्ताने जीएसटीचा विचार झाला. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते आणि १८ टक्के लावावे लागतात. मी अजून आत आहे. उद्या लावावा लागला तर एजन्सीला फरक पडणार नाही, ती त्याचं क्रेडिट घेईल, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून तो वजा करेल. क्लिनिकच्या सेवा मात्र जीएसटीतून मुक्त असल्याने डॉक्टरांना क्रेडिट मिळत नाही, त्यांना माझं काम खरोखर १८ टक्क्यांनी महाग पडेल. म्हणून प्रत्येक कोटेशनमध्ये 'जीएसटी लागू झाल्यास वेगळा' ही ओळ पहिल्या दिवसापासून घातली आहे. ती नसेल तर ऐन वेळी ते १८ टक्के आपल्या दरातून जातात.

जानेवारीतला हिशेब

दिवाळीच्या आसपास काम आटलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एजन्सीचे ५० तास सोडले तर जवळजवळ काहीच नव्हतं. 'दिवाळीनंतर बघू' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्या वाक्याचंच बिल लावावंसं वाटलं. नोकरीत हाच काळ बोनसचा असायचा.

जानेवारी २०२६ मध्ये टाइमरच्या नोंदी काढून तक्ता पुन्हा भरला. दिवसाचे पाच तास जवळपास बरोबर निघाले. रिकामा काळ मात्र सहा आठवड्यांऐवजी आठच्या घरात जाईल असं दिसलं, म्हणजे १५० ऐवजी २०० तास. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, त्यामुळे एप्रिलमधलं नूतनीकरण स्वस्त पडायला हवं. पण आईचा वयोगट बदलतोय, म्हणून तो आकडा तसाच ठेवला. १५,४६,८०० भागिले ९१०, उत्तर १,७०० ला पैशांचा फरक.

एजन्सीचे १,४०० बदलले नाहीत, कारण त्या भाजकात रिकामा काळ धरलेलाच नाही. बाकीच्यांना फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन ओळींची मेल गेली: १ एप्रिलपासून तासाचा दर १,७००, ३१ मार्चपर्यंत मान्य केलेली कामं जुन्याच दराने. डॉक्टरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांना आता अपॉइंटमेंटची सोय हवी आहे, आणि मार्चमध्येच ठरवून टाकू म्हणाले.